एकाची जांभई दुसऱ्याला का लागते?

"जांभई का येते?" असं आमच्या खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही हायस्कुलात विचारून बघा. निम्मा वर्ग एका सुरात सांगेल, "सर, ऑक्सिजन कमी पडतो म्हणून." घरची मोठी माणसंही हेच सांगतात. ऐकायला ते पटतंही. कोंदट खोली, दुपारची वेळ, पोटात भात-आमटी, आणि मग तोंड उघडून घेतलेला तो लांब श्वास. पण हे उत्तर १९८७ मध्येच चुकीचं ठरलं आहे. मी जीवशास्त्र शिकवतो, आणि ते कसं चुकीचं ठरलं हे मुलांना सांगताना मला मनापासून आनंद होतो, कारण प्रयोग कोणालाही समजेल इतका सरळ होता.

अमेरिकेत मेरीलँडमधल्या विद्यापीठात रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी कॉलेजच्या मुलांना वेगवेगळी हवा श्वासातून दिली. कधी शुद्ध ऑक्सिजन, कधी साधी हवा, तर कधी तीन ते पाच टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा. आपल्या नेहमीच्या हवेत तो एक टक्क्याच्या विसाव्या भागाइतकाही नसतो, म्हणजे हे प्रमाण खूपच झालं. कार्बन डायऑक्साइड वाढला की मुलांचा श्वास जोरात चालू लागला. शरीराला हवेतला बदल बरोबर कळला होता. जांभया मात्र वाढल्या नाहीत, आणि शुद्ध ऑक्सिजन दिला तेव्हा कमीही झाल्या नाहीत. व्यायाम करून श्वासाचा वेग दुप्पट झाला तरी जांभयांवर परिणाम नाही. शिवाय पोटातलं बाळही जांभई देतं. सोनोग्राफीत ते स्पष्ट दिसतं, आणि तिथे तर हवाच नाही, सगळीकडे गर्भजल.

प्रोव्हाइन यांची दुसरी एक युक्ती तुम्हाला आत्ताच करून बघता येईल. पुढची जांभई आली की नाक चिमटीत धरा. जांभई व्यवस्थित होते. त्याच्या पुढची आली की दात घट्ट मिटून ठेवा आणि नाकाने हवा आत घ्या. हवा भरपूर जाते, पण जांभई अर्धवट अडकल्यासारखी राहते, समाधान होत नाही. जांभई हा नुसता मोठा श्वास असता तर नाकाने काम भागलं असतं. जबडा पूर्ण उघडणं, चेहऱ्याचे आणि मानेचे स्नायू ताणले जाणं, हा तिचा गाभाच आहे. सुरू झाली की साधारण सहा सेकंद चालते आणि मध्ये थांबवली तर मन चुटपुटत राहतं.

मग ती कशासाठी? पुढे जायच्या आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. आपली आपण येणारी जांभई एक, आणि दुसऱ्याची बघून येणारी वेगळी. पहिली फार जुनी आहे. मासे, पक्षी, कुत्री, माणसं, पाठीचा कणा असलेले बहुतेक प्राणी अशी जांभई देतात. दुसरी थोड्याच प्राण्यांत पक्की दिसली आहे, आणि माणसाच्या बाळांतही ती जन्मापासून नसते. दोन वर्षांच्या नातवासमोर आजोबांनी कितीही जांभया दिल्या तरी त्याला त्या सहसा लागत नाहीत. साधारण चार वर्षांच्या पुढे लागायला लागतात. म्हणजे जांभई आधीपासून असते आणि तिचं पसरणं नंतर येतं. दोन्हींचं कारण एकच असलं पाहिजे असं मुळीच नाही.

पहिलीबद्दल आज सर्वांत जास्त चर्चा होते ती मेंदू थंड करण्याच्या कल्पनेची. अँड्र्यू गॅलप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००७ मध्ये मांडली. जबडा ताणला की डोक्याकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि आत ओढलेल्या गार हवेने तोंडा-घशातलं रक्त किंचित थंड होतं, असा विचार. त्यांनी लोकांना जांभयांचे व्हिडिओ दाखवले आणि कपाळावर कधी गार तर कधी गरम पट्टी ठेवायला सांगितली. गार पट्टीवाल्यांत दहातल्या जेमतेम एकाला जांभई लागली, बाकीच्यांत दहातल्या साधारण चौघांना. नाकाने श्वास घेणाऱ्यांना तर ती लागलीच नाही. पुढे उंदरांच्या मेंदूत बारीक तापमापक बसवून पाहिलं, तर जांभईच्या आधीच्या मिनिटात तापमान एक दशांश अंशाच्या आसपास चढतं आणि नंतर उतरतं असं दिसलं.

ही कल्पना खरी असेल तर हवामानाचाही परिणाम दिसायला हवा. बाहेरची हवा अंगाइतकीच गरम असेल तर ती आत घेऊन काही थंड होणार नाही. आणि कडाक्याच्या थंडीत मेंदू थंड करायची गरजच नसते. म्हणजे मधल्या पट्ट्यात जांभया जास्त हव्यात. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात टूसॉन शहरात रस्त्याने जाणाऱ्या लोकांना जांभयांची चित्रं दाखवली. हिवाळ्यात, २२ अंशांना, ४५ टक्के लोकांनी जांभई दिली, आणि उन्हाळ्यात, ३७ अंशांना, २४ टक्क्यांनी. हिवाळ्याच्या आळसामुळे असं झालं असेल असं कोणी म्हणेल, म्हणून तोच प्रयोग ऑस्ट्रियात व्हिएन्नाला केला. तिथे उलटं झालं. उन्हाळ्यात, १९ अंशांना, जांभया जास्त, आणि शून्याजवळच्या हिवाळ्यात कमी. ऋतू उलटे, पण दोन्हीकडे जांभया जास्त आल्या त्या विशीच्या आसपासच्या तापमानाला. आमच्या बेळगावचा पावसाळा आणि बराचसा हिवाळा याच पट्ट्यात मोडतो. एप्रिलमधली दुपार पस्तिशीच्या पुढे जाते. कोणाला मनावर घेऊन मोजायचं असेल तर इथे वर्षभराचा चांगला प्रयोग होईल.

मला स्वतःला ही कल्पना अर्धी पटते. तापमानाचा संबंध वेगवेगळ्या मार्गांनी दिसला आहे, तो सहज झटकता येत नाही. पण जांभईमुळे मेंदू थंड होऊन माणूस तरतरीत होतो हा जो पुढचा दावा आहे, तो डळमळीत आहे. स्वित्झर्लंडमध्ये आद्रियान गुगिसबर्ग यांनी पेंगणाऱ्या माणसांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी जांभईच्या आधी आणि नंतर तपासल्या. जांभईनंतर जागेपणा वाढल्याची खूण त्यांना मिळाली नाही. पेंग होती तशीच राहिली.

आता पसरण्याकडे येऊ. आधी ती नेमकी कशाने पसरते ते पाहू. आपल्याकडे जांभई आली की हात तोंडावर जातो, जुनी माणसं चुटकी वाजवतात, "राम राम" म्हणतात. त्याने शिष्टाचार सांभाळला जातो, पण समोरच्याला ती लागायची थांबत नाही. प्रोव्हाइन यांनी जांभई देणाऱ्या चेहऱ्याचे व्हिडिओ घेतले. काहींत तोंड झाकून टाकलं, काहींत नुसतं उघडं तोंड ठेवून बाकीचा चेहरा पुसला. तोंड झाकलेल्या चेहऱ्याने जांभई जवळजवळ पूर्ण चेहऱ्याइतकीच लागली, आणि नुसत्या उघड्या तोंडाने ती लागली नाही. बारीक झालेले डोळे, मागे गेलेलं डोकं, वर चढलेले खांदे, हे सगळं मिळून मेंदूला "ही जांभई" असं ओळखू येतं. नुसता आवाज कानावर पडला तरी पुरतं. तिच्याबद्दल वाचूनही ती येते, हे आतापर्यंत काही वाचकांना कळलंच असेल.

आली की ती आवरता येते का? इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला २०१७ मध्ये ३६ जणांवर हे पाहिलं. व्हिडिओ बघताना एकदा मोकळेपणी जांभई द्यायला सांगितलं, एकदा दाबायला. दाबायला सांगितल्यावर पूर्ण जांभया कमी झाल्या आणि अर्ध्यामुर्ध्या वाढल्या, पण जांभई द्यावीशी वाटणं उलट वाढलं. त्यांनी मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या भागाची संवेदनशीलताही मोजली. ज्याचा हा भाग जास्त पटकन चेततो, त्याला जांभई जास्त लागते. म्हणून पाठच्या बाकावर जांभई देणाऱ्या मुलाला "तोंड मीट" म्हणून उपयोग नाही. तो मिटेलही, पण ती आतून अजून जोर धरेल.

हे पसरणं खरंच पसरणं आहे की योगायोग, हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नसतं. एक उदाहरण घेऊन नीट मोजून बघू. आमच्याकडे गावोगावी ज्ञानेश्वरी पारायणाचे सोहळे होतात. रात्री जागर असतो. टाळकरी दोन रांगा करून समोरासमोर उभे, मध्ये पखवाज, आणि पहाटेचे अडीच वाजलेले. एकाने जांभई दिली, समोरच्याने दिली, त्याच्या शेजारच्याने दिली. कोणीतरी कानात पुटपुटतं, "तू देयालास म्हणून मलाबी यायल्यात की गा." त्याचं खरं आहे का?

अडीच वाजता सगळ्यांनाच झोप आलेली असते. ओळीत दहा जण जांभया देत असतील तर त्यातल्या बऱ्याच आपोआप आलेल्या असतील. म्हणून संशोधक काय करतात? आधी बघतात की दुसऱ्याला पहिल्याची जांभई दिसली किंवा ऐकू आली का. मग साधारण तीन मिनिटांची मुदत धरतात. समजा, समोरचा टाळकरी एरवी तासाला आठ जांभया देतो. तासात तीन मिनिटांचे वीस तुकडे होतात, म्हणजे साधारण आठ तुकड्यांत त्याची जांभई पडणारच. दहा तुकड्यांमागे चार. आता फक्त ते तुकडे घ्या, ज्यांच्या सुरुवातीला त्याने शेजाऱ्याची जांभई पाहिली. अशा दहा तुकड्यांपैकी चारांत त्याने जांभई दिली, तर काही पसरलं नाही, तो नेहमीसारखाच देतोय. सातांत दिली, तर मात्र बघण्याने फरक पडला असं म्हणायला जागा आहे. रिकाम्या तुकड्यांशी ही तुलना केली नाही तर दुपारच्या शेवटच्या तासाचा अख्खा वर्ग 'लागट' वाटेल. या विषयावरचे कितीतरी किस्से इथेच गळून पडतात.

आता खरा वादाचा मुद्दा. जांभई लागणं म्हणजे दुसऱ्याचं मन आपल्याला कळणं, सहानुभूती असणं, असं खूप ठिकाणी छापून येतं. जांभई लागली नाही म्हणजे माणूस कोरडा, असंही कोणी कोणी पुढे जोडतं. या दाव्याला आधार आहे, पण तो सांगितला जातो तितका भक्कम नाही.

आधार असा. इटलीतल्या इव्हान नॉर्शिया आणि एलिझाबेत्ता पालाजी यांनी २०११ मध्ये १०९ माणसांचं रोजच्या जगण्यात निरीक्षण करून निष्कर्ष मांडले. प्रवासात, जेवताना, कामावर. जांभई सर्वांत जास्त लागली ती घरच्या माणसांची, मग मित्रांची, मग नुसत्या ओळखीच्यांची, आणि सर्वांत कमी परक्यांची. परक्याची लागलीच तर उशिरा. जागरातही भावाची जांभई जास्त लागेल आणि बाहेरगावच्या टाळकऱ्याची कमी, असा याचा अर्थ. त्यावरून जवळीक म्हणजेच सहानुभूती हे सहज जोडलं गेलं.

पण आपण बघतो कोणाकडे? घरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे आपण सारखे बघतो. परक्याने जांभई दिली तर भिडेने नजर वळवतो. न बघितलेली जांभई लागणार कशी? हा प्रश्न किती गंभीर आहे ते स्वमग्न मुलांच्या बाबतीत दिसलं. २००७ मध्ये एका अभ्यासात या मुलांना जांभई कमी लागते असं आढळलं आणि "यांना दुसऱ्याची भावना पोहोचत नाही" या समजुतीत त्याची भर पडली. पुढच्या प्रयोगांत ही मुलं व्हिडिओतल्या चेहऱ्याकडे खरंच बघताहेत याची खात्री करून घेतली. तेव्हा त्यांनाही जांभई इतर मुलांसारखीच लागली. मुळात ती चेहऱ्याकडे कमी बघत होती, एवढाच फरक होता. अशी मुलं आमच्या वर्गांतही असतात, आणि एका अर्धवट मोजमापावरून त्यांच्या मनाबद्दल निकाल देणं मला अन्यायाचं वाटतं.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २०१४ मध्ये थेटच तपासलं. ३२८ जणांना तीन मिनिटांचा व्हिडिओ दाखवला आणि त्यांची सहानुभूती, थकवा, झोपेच्या वेळा, सगळं प्रश्नावलीतून मोजलं. २२२ जणांना जांभई लागली, कोणाला एकदा तर कोणाला पंधरा वेळा. सहानुभूतीचा ठाम संबंध दिसला नाही. फक्त वयाचा दिसला, वय वाढेल तशी ती थोडी कमी लागते. तेही फरकाच्या साधारण आठ टक्क्यांपुरतंच. बाकी फरक कशाने पडतो हे त्या अभ्यासातून निघालं नाही. मात्र एकाच माणसाला वेगवेगळ्या दिवशी पुन्हा तपासलं तर त्याचा आकडा बराचसा सारखाच येतो. म्हणजे ही ज्याची त्याची खोड आहे.

उलट बाजूचाही एक पुरावा सांगायला हवा. अटलांटाजवळच्या संशोधन केंद्रात २३ चिंपांझींना जांभयांचे व्हिडिओ दाखवले. त्यांना आपल्या कळपातल्यांच्या जांभया जास्त लागल्या, आणि गंमत अशी की परक्या चिंपांझींचे व्हिडिओ ते जास्त वेळ बघत होते. निदान इथे तरी "बघितलंच नाही" हे उत्तर पुरत नाही. म्हणून जवळिकीचा संबंध मी पूर्ण नाकारत नाही. माझं म्हणणं इतकंच की जवळीक ही जांभई पसरण्याला मदत करणारी एक गोष्ट आहे, आणि तिच्यावरून माणसाचा चांगुलपणा मोजता येत नाही.

मग पसरण्याचा उपयोग काय असेल? गेल्या काही वर्षांत एक विचार पुढे आला आहे तो कळपाचा. एकाच्या जांभईवरून बाकीच्यांना कळतं की याची अवस्था बदलतेय, लक्ष ढळतंय, आणि मग सगळे आपापली अवस्था जुळवून घेतात. दक्षिण आफ्रिकेत सिंहांच्या कळपाचे व्हिडिओ तपासून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका सिंहाची जांभई दुसऱ्याला लागली, तर त्यानंतर पहिला जे करेल तेच दुसऱ्याने करण्याची शक्यता अकरा पट वाढत होती. पहिला उठून चालायला लागला की दुसराही उठायचा. एकत्र शिकार करणाऱ्या, एकत्र पिल्लं सांभाळणाऱ्या प्राण्याला अशा ताळमेळाचा उपयोग आहे हे उघड आहे.

माणसांवरचा प्रयोग त्याच वर्षीचा आहे आणि तो आमच्या भागातल्या माणसाला लगेच भिडेल. ३८ जणांना आधी व्हिडिओ दाखवले, एकदा जांभया देणाऱ्या माणसांचे, एकदा जांभया नसलेले. मग पडद्यावर बरीच चित्रं एकदम दाखवून त्यातला साप शोधायला सांगितला. बाकी सगळे बेडूक, त्यात एक साप. कधी उलट, सगळे साप आणि त्यात एक बेडूक. नजर कुठे कुठे फिरते ते यंत्र टिपत होतं. जांभया पाहिल्यानंतर साप लवकर सापडला. बेडूक शोधण्यात मात्र फरक पडला नाही. भातकापणीच्या दिवसांत वाफ्यात घोणस किती बेमालूम पडलेली असते हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना यातला मुद्दा समजावायची गरज नाही. सोबतचा पेंगायला लागला की दुसऱ्याची नजर धोक्यासाठी तीक्ष्ण होते, असं असेल तर जांभई पसरण्याचा फायदा पूर्ण टोळीला मिळतो. मला हा धागा सर्वांत आशादायक वाटतो. पण ३८ माणसं म्हणजे फार थोडी, आणि पडद्यावरचा साप म्हणजे बांधावरचा नव्हे. इतरांनी हा प्रयोग पुन्हा करून तेच मिळालं तर त्यावर भर देता येईल.

शिवाय इथे तीक्ष्ण होतो तो जांभई बघणारा. देणाऱ्याची पेंग जात नाही, हे गुगिसबर्ग यांच्या मोजमापात आपण पाहिलंच. रात्री बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला गाडी नेणारे पुष्कळ जण आहेत. दोन-चार मोठ्या जांभया दिल्या की झोप उडाली असं त्यांना वाटतं, ते खरं नाही. शेजारी बसलेल्याने जांभया मोजाव्यात आणि ड्रायव्हरच्या लागोपाठ यायला लागल्या की घाट लागायच्या आधी गाडी बाजूला घ्यायला सांगावी. तिथे आधी कडक चहा किंवा कॉफी घ्यायची आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं सीट मागे टाकून झोपायचं. क्रम हाच ठेवायचा, कारण कॅफीन अंगात भिनायला साधारण अर्धा तास लागतो, आणि जाग येते तेव्हा ते कामाला लागत असतं.